रोज दुपारी सव्वादोनला येणारा खोटा स्क्वीझ: कारण कसं सापडलं आणि दुरुस्ती काय

तक्रार माझ्या भाच्याची. राहतो घणसोलीला, नोकरी महाप्याला, शिफ्ट संध्याकाळची. त्यामुळे दुपारभर तो बाजार बघायला मोकळा असतो. १५ मिनिटांच्या चार्टवर बोलिंजर बँड लावतो आणि बँड आवळले की ब्रेकआउटची वाट बघत बसतो. त्याच्या वहीत अशा अकरा ट्रेडची नोंद होती. त्यातले नऊ ट्रेड दुपारी सव्वादोन ते तीनच्या मध्ये घेतलेले, आणि जवळपास सगळे स्टॉपलॉस खाऊन बाहेर.

"मामा, स्क्वीझ तर पक्का दिसतो. सहा महिन्यांत नसेल इतका आवळलेला. मग फुटतो आणि लगेच परत येतो. रोज."

मला त्यातला "रोज" हा शब्द खटकला. बाजार रोज एकाच वेळी आवळत नाही. रोज एकाच वेळी होणारी गोष्ट बहुधा मोजपट्टीत असते.

मी काही शेअर बाजारातला माणूस नाही. वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये आयुष्य गेलं. पण बोलिंजर बँड म्हणजे आमच्या कंट्रोल चार्टचा चुलतभाऊच. मधे सरासरी, वर-खाली सिग्माच्या रेघा. आम्ही तीन सिग्मा घ्यायचो, इथे दोन घेतात. फरक एवढाच की इथे सरासरीही सरकते आणि सिग्माही सरकतो. दोन्ही गेल्या २० कँडलच्या बंद भावांवरून काढलेले असतात.

ज्यांनी हे कधी हाताने मोजलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मधली रेघ म्हणजे २० कँडलची साधी मूव्हिंग ॲव्हरेज. त्याच २० बंद भावांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं, त्याची दुप्पट सरासरीत मिळवली की वरचा बँड, वजा केली की खालचा. वरच्या आणि खालच्या बँडमधलं अंतर म्हणजे चार सिग्मा. ते मधल्या रेघेच्या टक्क्यांत लिहिलं की झाली बँडविड्थ. जॉन बोलिंजर यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत मांडली. त्यांच्या व्याख्येत बँडविड्थ सहा महिन्यांच्या नीचांकावर आली की स्क्वीझ. भावाची हालचाल आकसते, काही काळ आकसलेली राहते आणि मग कधीतरी मोकळी होते, हा त्यामागचा विचार. कोणत्या दिशेला मोकळी होईल हे स्क्वीझ सांगत नाही.

आधी काय काय करून पाहिलं

भाच्याने माझ्याकडे येण्याआधी तीन उपाय करून पाहिले होते. तिन्ही का फसले ते सांगतो, कारण हेच उपाय बहुतेक जण करतात.

पहिला उपाय, दोन सिग्माऐवजी अडीच सिग्मा. याने बँड रुंद झाले, खोटे ब्रेकआउट थोडे कमी झाले, पण स्क्वीझ मात्र त्याच कँडलवर येत राहिले. साहजिक आहे. प्रत्येक कँडलची बँडविड्थ सारख्याच पटीत वाढली, तर सगळ्यात कमी कोणती होती ते कसं बदलेल? गुणक बदलून स्क्वीझचा प्रश्न कधीच सुटत नाही.

दुसरा उपाय, डेटा वाईट आहे असं धरून दुसऱ्या ॲपवर तोच चार्ट लावणं. तिथेही तेच.

तिसरा उपाय त्याने वैतागून केला होता आणि धागा तिथेच सापडला. २० ऐवजी १४ कँडल घेतल्या. स्क्वीझ गेले नाहीत, त्यांची वेळ बदलली. आता ते पाऊण वाजता यायला लागले.

हे त्याने मला जाता जाता सांगितलं, चहाचा कप ठेवता ठेवता. रविवार होता, ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक, म्हणून तो रिक्षा बदलत ठाण्याला पोचला होता आणि परत जायची घाई नव्हती. मी कागद घेतला.

बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो. म्हणजे ३७५ मिनिटं, १५ मिनिटांच्या बरोबर २५ कँडल. सव्वानऊपासून १४ कँडल म्हणजे २१० मिनिटं, म्हणजे १२:४५. आणि २० कँडल म्हणजे ३०० मिनिटं, म्हणजे २:१५.

"आज उघडल्यापासून वीस कँडल पूर्ण होतात, तेव्हा तुझा स्क्वीझ येतो," मी म्हटलं. "त्या क्षणी असं काय होतं?"

तो थोडा वेळ बघत राहिला. "कालचे कँडल संपतात."

दोष नेमका कुठे आहे

वीस कँडलची खिडकी घड्याळ ओळखत नाही. सकाळी साडेनऊला आजची एक कँडल पूर्ण होते, तेव्हा खिडकीत आजची एक आणि कालच्या शेवटच्या १९ असतात. साडेदहाला आजच्या पाच, कालच्या पंधरा. २:०० ला आजच्या एकोणीस, कालची एकच. २:१५ ला सगळ्या वीस आजच्या.

काल आणि आजच्या मध्ये भावाने उडी मारली असेल, म्हणजे गॅप-अप किंवा गॅप-डाउन झाला असेल, तर सव्वानऊपासून दोनपर्यंत खिडकीत दोन वेगवेगळ्या पातळ्यांचे भाव एकत्र असतात. स्टँडर्ड डेव्हिएशन त्या मिसळीचं निघतं.

कारखान्यात हा दोष आम्हाला पाठ होता. लेथचं सेटिंग बदललं की आधीच्या आणि नंतरच्या नगांची मापं एका ढिगात टाकायची नाहीत. दोन्ही ढीग वेगवेगळे बघितले तर प्रत्येकात मापं अगदी जवळजवळ. एकत्र केले की सिग्मा फुगतो आणि वाटतं मशीन थरथरतंय. मशीन ठणठणीत असतं, फक्त मधे कुणीतरी सेटिंग हलवलेलं असतं. रोजचा गॅप म्हणजे रात्रीतून हललेलं सेटिंग.

आकडे घेऊन बघू. मुद्दाम सोपं उदाहरण घेतो, म्हणजे दोष उघडा दिसेल. समजा एक शेअर काल दिवसभर १००० रुपयांच्या आसपास फिरत होता आणि त्याचा सिग्मा २ रुपये होता. आज तो २० रुपये गॅपने १०२० ला उघडला आणि दिवसभर १०२० च्या आसपास, तसाच २ रुपये सिग्माने फिरत राहिला. म्हणजे बाजाराच्या वेळातली त्याची हालचाल काल होती तेवढीच आज आहे. काही आकसलं नाही, काही पसरलं नाही.

खिडकीत आजच्या कँडलचा वाटा p धरला, गॅप G आणि आतली हालचाल s, तर एकूण विचलनाचा वर्ग असा निघतो:

```
sigma^2 = s^2 + G^2 * p * (1 - p)
```

पहिली संख्या खरी हालचाल. दुसरी निव्वळ मिसळीमुळे आलेली. आपल्या उदाहरणात पहिली कायम ४ आहे. दुसरी दिवसभर बदलत राहते, आणि ४०० च्या पटीत बदलते.

| कँडल पूर्ण होण्याची वेळ | आजच्या कँडल | सिग्मा (रु.) | बँडविड्थ |
|---|---|---|---|
| काल, गॅपच्या आधी | ० | २.० | ०.८०% |
| ९:३० | १ | ४.८ | १.९२% |
| १०:३० | ५ | ८.९ | ३.५४% |
| ११:४५ | १० | १०.२ | ४.०४% |
| १:०० | १५ | ८.९ | ३.५०% |
| २:०० | १९ | ४.८ | १.८८% |
| २:१५ | २० | २.० | ०.७८% |

हा तक्ता मी भाच्याच्या वहीत लिहिला तेव्हा त्याला शेवटच्या दोन ओळींपेक्षा मधली ओळ जास्त लागली. पावणेबाराला बँड सगळ्यात रुंद. तो वेळ बहुतेक शेअरांत सुस्तीचा असतो, आणि याला मात्र दर गॅपच्या दिवशी "अकरा-बाराला जोरदार व्होलॅटिलिटी" दिसायची. त्यावर त्याने एक सिद्धांतही रचला होता, म्युच्युअल फंडवाले त्या वेळी खरेदी करतात वगैरे. कारण फक्त एवढंच की दहा कँडल इकडे आणि दहा तिकडे असल्या की p(1-p) सगळ्यात मोठा होतो.

आता शेवटच्या दोन ओळी. पंधरा मिनिटांत बँडविड्थ १.८८ वरून ०.७८ वर पडली. पडली म्हणण्यापेक्षा, कालची शेवटची कँडल खिडकीतून बाहेर गेली आणि फुगवटा संपला. बाजारात काहीही आवळलेलं नाही.

मग नीचांक का दिसतो

फुगवटा उतरला म्हणजे बँडविड्थ फक्त नेहमीवर यायला हवी. ती "नीचांक" का वाटते, हा पुढचा प्रश्न. उत्तर त्याच्या ॲपमधल्या दुसऱ्या सेटिंगमध्ये होतं: "गेल्या १२५ कँडलमधली सगळ्यात कमी बँडविड्थ."

१२५ हा आकडा रोजच्या चार्टवरून आलेला आहे. तिथे १२५ कँडल म्हणजे सुमारे सहा महिने. तोच आकडा १५ मिनिटांच्या चार्टवर तसाच ठेवला तर १२५ भागिले २५, म्हणजे फक्त पाच दिवस. भाचा ज्याला सहा महिन्यांचा नीचांक म्हणत होता तो या आठवड्याचा नीचांक होता.

त्या पाच दिवसांतही, दिवसाच्या २५ कँडलपैकी फक्त शेवटच्या सहा, म्हणजे २:१५ ते ३:३० ला पूर्ण होणाऱ्या, गॅपपासून मोकळ्या असतात. बाकीच्या एकोणीस कमी-जास्त फुगलेल्या. म्हणजे १२५ मध्ये ३० खऱ्या आणि ९५ फुगलेल्या. अशा ढिगात सगळ्यात लहान शोधायला गेलं तर ती त्या तीसमध्येच सापडणार. रोज दुपारनंतर स्क्वीझ सापडावा अशीच ही रचना आहे.

आणि ब्रेकआउट का फसतो

तेच उदाहरण पुढे नेऊ. दोन वाजता वरचा बँड होता १०१९ अधिक ९.६, म्हणजे सुमारे १०२८.६०. सव्वादोनला वरचा बँड १०२४. समजा अडीचला पूर्ण होणारी कँडल १०२५ ला बंद झाली. ती कँडल खिडकीत धरून बँड पुन्हा काढला तर वरचा बँड साधारण १०२४.७० येतो. भाव बँडच्या बाहेर, भाच्याच्या भाषेत "स्क्वीझनंतरचा ब्रेकआउट". खरेदी.

हाच १०२५ चा भाव पावणेबारा ते दोनच्या मध्ये कधीही आला असता तर बँडच्या आत बसला असता आणि कुणी ढुंकून पाहिलं नसतं. २ रुपये सिग्मा असलेल्या शेअरने सरासरीपासून ५ रुपये वर जाऊन परत येणं हे त्याचं नेहमीचं हेलकावणं आहे. मोजपट्टी अर्ध्या तासात आखूड झाली, म्हणून तेच हेलकावणं उडी दिसलं. वर अडीच वाजलेले, म्हणजे बाजार बंद व्हायला एक तास. इंट्राडे पोझिशन तर ब्रोकर त्याआधीच काढून टाकतो. खरा ब्रेकआउट असता तरी त्याला चालायला रस्ता कमीच होता.

तुमच्या चार्टवर हाच दोष आहे का, कसं ओळखायचं

सगळ्यात सोपी खूण घड्याळाची. मागच्या पंधरा-वीस स्क्वीझच्या वेळा लिहून काढा. सव्वानऊमध्ये "कालावधी गुणिले कँडलची मिनिटं" मिळवा. १५ मिनिटं आणि २० कँडल असतील तर २:१५. ५ मिनिटांच्या चार्टवर २० कँडल म्हणजे १०० मिनिटं, म्हणून १०:५५. तुमचे स्क्वीझ त्या वेळेनंतर लगेच गोळा झालेले दिसले आणि तेही गॅपच्या दिवशी, तर शंका घ्यायला जागा आहे. खात्री करायची असेल तर २० चे १४ करून बघा. स्क्वीझ वेळेसकट सरकला तर तो खोटा. खरं आकुंचन २० काय आणि १४ काय, दोन्हींत साधारण त्याच सुमाराला दिसतं.

दुसरी खूण बँडविड्थच्या रेघेच्या आकारात आहे. खरं आकुंचन उतारासारखं येतं: कँडलमागून कँडल लहान होत जाते आणि रेघ हळूहळू खाली येते. खोट्यात रेघ डोंगरासारखी चढते, उतरते आणि शेवटी एका कँडलमध्ये कड्यावरून पडते. असा कडा दिसला की बरोबर वीस कँडल मागे जाऊन बघायचं, नुकतं बाहेर काय पडलं. तिथे गॅप असेल तर निकाल लागला.

तिसरी खूण मला स्वतःला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती बँडवर अवलंबूनच नाही. शेवटच्या दहा कँडलची उंची, म्हणजे उच्चांक वजा नीचांक, काढून सरासरी घ्या आणि त्याआधीच्या दहांशी ताडून बघा. बँड आवळले पण कँडलची उंची तेवढीच, तर आकुंचन झालेलं नाही. इथे तयार एटीआर वापरायचा मोह होईल. पण एटीआरमध्ये पहिल्या कँडलची उंची मोजताना कालचा बंद भावही धरतात, म्हणजे गॅप तिथेही मागच्या दाराने आत येतो. साधी उंचीच घ्यावी. पहिल्या तास-दीड तासाच्या कँडल तशाही मोठ्या असतात, त्या या तुलनेत धरू नयेत.

दुरुस्ती

दुरुस्तीचे दोन भाग आहेत आणि दोन्ही लागतात. पहिल्या भागात गॅप काढून टाकून उरलेल्या भावांचा सिग्मा मोजायचा. रोजच्या पहिल्या कँडलचा उघडता भाव वजा कालचा शेवटचा बंद भाव, हा झाला गॅप. असे सगळे गॅप बेरजेने साठवत जायचे आणि बंद भावातून वजा करायचे. भाच्याला पायथन येतं, त्याने अर्ध्या तासात लिहिलं:

```python
din = df.index.to_series().dt.date
pahila = din != din.shift(1)
gap = (df['open'] - df['close'].shift(1)).where(pahila, 0).fillna(0)
sapat = df['close'] - gap.cumsum()
sd = sapat.rolling(20).std(ddof=0)
rundi = 400 * sd / df['close'].rolling(20).mean()
```

`ddof=0` विसरू नका. पँडासमध्ये ते न लिहिल्यास २० ऐवजी १९ ने भागलं जातं आणि सिग्मा सुमारे अडीच टक्के मोठा येतो. बोलिंजर यांच्या पद्धतीत २० नेच भागतात. स्क्वीझच्या क्रमवारीत याने फरक पडत नाही, पण ॲपवरचे आकडे आणि तुमचे आकडे जुळत नाहीत आणि माणूस भलतीकडे चूक शोधत बसतो. भाच्याचा एक तास यातच गेला.

वरच्या उदाहरणावर हे चालवलं तर सिग्मा दिवसभर २ रुपयेच राहतो. पावणेबाराचा डोंगर नाही, सव्वादोनचा कडा नाही.

खऱ्या डेटावर मात्र एवढ्याने पूर्ण भागत नाही. सव्वानऊची पहिली कँडल स्वतःच दांडगी असते. उघडता भाव आणि तिचा बंद भाव यांत बरंच अंतर असतं, आणि ती उडीसुद्धा गॅपसारखीच वागते. ती २:१५ पर्यंत खिडकीत बसून राहते आणि मग सुटते. शिवाय दिवसाची हालचाल मुळातच सपाट नसते: सकाळी जास्त, दुपारी मंद, बंद होताना पुन्हा वाढलेली. म्हणून सकाळचे कँडल खिडकीतून गेले की बँडविड्थ कमी होणारच, आणि ती रोज होणार. त्यात बातमी काही नाही.

त्यामुळे दुसरा भाग. सव्वादोनची तुलना सव्वादोनशीच करायची. आजच्या २:१५ ची बँडविड्थ गेल्या १२५ दिवसांच्या २:१५ च्या बँडविड्थशी ताडायची, ११:४५ ची ११:४५ शी. मग ते खऱ्या अर्थाने सहा महिने होतात.

```python
vel = df.index.time
kami = rundi.groupby(vel).transform(lambda x: x.rolling(125).min())
skweez = rundi <= kami
```

यासाठी १५ मिनिटांचा किमान सहा महिन्यांचा डेटा लागतो. सव्वाशे दिवस पूर्ण होईपर्यंत `kami` रिकामं राहतं आणि स्क्वीझ एकही दिसत नाही. त्याला बिघाड समजू नका. दिवाळीच्या मुहूर्त ट्रेडिंगचे कँडल आधीच काढून टाका. ते सत्र तासाभराचं असतं, त्याच्या वेळा इतर दिवसांच्या वेळांत मिसळल्या तर नीचांक बिघडतो.

ज्यांना कोड लिहायचा नाही त्यांच्यासाठी माझा सल्ला वेगळा आहे. १५ मिनिटांच्या चार्टवर स्क्वीझ शोधूच नका. स्क्वीझ रोजच्या चार्टवर शोधा, जिथे २० कँडल म्हणजे २० दिवस आणि १२५ म्हणजे सहा महिने हे आकडे मूळ अर्थाने चालतात. १५ मिनिटांचा चार्ट फक्त आत शिरायची वेळ बघायला ठेवा. आमच्या मजल्यावरचे एक काका गेली कित्येक वर्षं असंच करतात आणि त्यांना हा सव्वादोनचा आजार माहीतच नव्हता.

दुरुस्तीनंतर

भाच्याने आपले अकरा ट्रेड नव्या मोजणीवर तपासले. स्क्वीझ म्हणून टिकले दोन. त्यातला एक चालला होता, एक फसला होता. दोनावरून काही सिद्ध होत नाही हे त्याला मी सांगितलं, आणि त्यालाही ते पटलं. बदल एवढाच झाला की चार्टवरचे स्क्वीझ एकदम दुर्मीळ झाले. एकाच शेअरमध्ये कित्येक दिवस एकही नाही.

"मग करू काय दुपारभर?" असं तो म्हणाला, ते मात्र माझ्या कक्षेबाहेरचं होतं.

जे दोन उरले त्यांच्याबद्दल दोन गोष्टी. खऱ्या स्क्वीझमध्येही पहिली उडी फसवी निघू शकते: भाव एका बाजूने बँड ओलांडतो, लोकांना आत ओढतो आणि मग उलट्या बाजूला धावतो. बोलिंजर यांनी स्वतःच या फसव्या पहिल्या चालीबद्दल सावध केलं आहे. ती मोजणीची चूक नाही, त्यामुळे वरच्या कोडने ती जाणार नाही. दुसरं, शांत बाजार नजीकच्या काळात बहुधा शांतच राहतो. आकुंचन झालं म्हणजे स्फोट उद्याच होईल असं नाही. स्क्वीझ दिसल्यावर तो आणखी बरेच दिवस आवळत जाऊ शकतो आणि रोज नवा नीचांक करू शकतो.

आणि एक मर्यादा माझ्या दुरुस्तीचीच. गॅप वजा करणं तेव्हाच बरोबर, जेव्हा प्रश्न "बाजाराच्या वेळात हालचाल आकसली का" असा असतो. जो माणूस शेअर रात्रभर धरून ठेवतो त्याच्यासाठी गॅप हीच खरी हालचाल, खरी जोखीम. त्याने तो काढून टाकून सिग्मा मोजला तर जोखीम आहे त्याहून कमी दिसेल. त्याने हा कोड वापरू नये.

वर ज्या काकांचा उल्लेख केला, त्यांना हा सगळा प्रकार जिन्यात उभं राहून सांगितला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे नाही होत असलं." दोन दिवसांनी बेल वाजवून आले. त्यांच्या एका शेअरच्या रोजच्या चार्टवर ऐन मंदीत अचानक स्क्वीझ उमटला होता. बँडविड्थची रेघ बघितली, कडा स्पष्ट होता. तिथून मागे वीस कँडल मोजल्या. तिमाही निकालांचा दिवस, मोठा गॅप. निकालानंतर वीस सत्रांनी, म्हणजे साधारण महिन्याने, शेवटचा जुना भाव खिडकीतून पडला होता आणि रेघ कोसळली होती. कँडलची उंची आधीच्या आठवड्याएवढीच.

काकांनी चष्मा काढून पुसला, पेन्सिलने त्या कड्याभोवती गोल केला आणि पुढच्या शेअरचा चार्ट उघडला. तिथे निकालांना सतरा दिवस झाले होते.